गोषवाऱ्यात निष्कर्ष सापडला नाही

जून २०२४ मध्ये मी एका मराठी संशोधनपत्रिकेकडे निबंध पाठवला. ऑक्टोबरमध्ये तो परीक्षकांच्या शेऱ्यांसह परत आला. निबंधाबद्दल सूचना किरकोळ होत्या. एका नकाशावर उत्तर दिशेचा बाण नव्हता, दोन तक्त्यांना एकच शीर्षक पडलं होतं. खरा दणका शेवटच्या परिच्छेदात होता: "गोषवाऱ्यात निष्कर्ष सापडला नाही. लेखकाने काय केले ते कळते, काय आढळले ते कळत नाही. गोषवारा नव्याने लिहावा." मुदत तीस दिवसांची.

मी धुळ्याच्या एका कॉलेजात भूगोल शिकवते आणि पीएच.डी.ही करते आहे. २०२२ च्या यूजीसी नियमांनंतर प्रबंध सादर करण्याआधी शोधनिबंध छापून आणण्याची सक्ती उरली नाही. तरी आमचे सर म्हणतात, एक तरी निबंध परक्या माणसाच्या नजरेखालून जाऊ द्या. म्हणून हा खटाटोप. आमच्याकडे गोषवारा लिहायला कुणी शिकवत नाही. आधीच्या अंकातला एखादा उघडायचा, त्याच्या घाटाचा आपला लिहायचा, असंच चालतं. ज्यांच्या टेबलावर सध्या असाच परत आलेला निबंध पडून आहे, त्यांच्यासाठी हे सविस्तर लिहिते आहे.

अभ्यास साधा होता. पांझरेच्या खोऱ्यात साक्री आणि धुळे तालुक्यांतल्या ४० उघड्या विहिरींचं पाणी मी मे २०२२ मध्ये आणि पुन्हा ऑक्टोबरमध्ये घेतलं आणि त्यातलं नायट्रेट तपासून आणलं. भाग काळ्या कातळाचा, पिकं कांदा, कापूस, मका. पिण्याच्या पाण्यात नायट्रेट लिटरमागे ४५ मिलिग्रॅमपेक्षा जास्त नसावं, असं भारतीय मानक सांगतं. तपासणीचा खर्च, बाटल्या, बर्फाची पेटी, मोटरसायकलचं पेट्रोल, सगळं पदरचं. त्या मानाने गोषवारा म्हणजे फुकटचं काम वाटत होतं, त्यामुळे तो शेवटच्या रात्री लिहिला गेला. सगळ्यांचा तसाच लिहिला जातो. पाठवलेला मजकूर जसाच्या तसा देते:

"पाणी हे जीवन आहे. मानवी जीवनात पाण्यास अनन्यसाधारण महत्त्व आहे. भारत हा कृषिप्रधान देश असून वाढत्या लोकसंख्येच्या गरजा भागवण्यासाठी रासायनिक खतांचा वापर मोठ्या प्रमाणावर होत आहे. त्यामुळे भूजल प्रदूषणाची समस्या दिवसेंदिवस गंभीर बनत चालली आहे. प्रस्तुत शोधनिबंधात पांझरा खोऱ्यातील निवडक विहिरींच्या पाण्यातील नायट्रेटच्या प्रमाणाचा अभ्यास करण्याचा प्रयत्न करण्यात आला आहे. त्यासाठी ४० विहिरींचे नमुने मान्सूनपूर्व व मान्सूनोत्तर काळात संकलित करून त्यांचे प्रयोगशाळेत विश्लेषण करण्यात आले. प्राप्त माहितीचे विविध सांख्यिकीय तंत्रांच्या साहाय्याने विश्लेषण करून निष्कर्ष काढण्यात आले आहेत. अभ्यासांती असे दिसून येते की, अभ्यासक्षेत्रातील पाण्यात नायट्रेटचे प्रमाण लक्षणीय असून त्यास रासायनिक खतांचा अतिरेकी वापर कारणीभूत असण्याची शक्यता नाकारता येत नाही. सदर समस्येवर उपाययोजना करणे ही काळाची गरज आहे."

व्याकरणात खोट नाही, शब्दमर्यादा दोनशेची, तीही पाळलेली. परीक्षकावर दोन दिवस चिडून झालं. मग एका रविवारी जळगावला सरांकडे गेले. एसटीत बायकांना निम्मं तिकीट आहे, तेवढाच दिलासा. पारोळा मागे पडेपर्यंत मी मनातल्या मनात परीक्षकाला उत्तरं देत होते.

सरांनी कागद वाचला आणि विचारलं, "मॅडम, यातलं कुठलं वाक्य नंदुरबारच्या फ्लोराइडवरच्या निबंधात चालणार नाही?" आम्ही एकेक वाक्य तपासत गेलो. पहिली चार वाक्यं कुणाच्याही निबंधात चालली असती. पाचव्यात नदी आणि रसायन बदललं की काम झालं. सातवं तर कापसाच्या भावावरच्या निबंधातही खपलं असतं. चालणार नाही असं नीट म्हणता आलं ते एकाच वाक्याबद्दल, ४० विहिरींचे नमुने दोनदा घेतल्याबद्दल. आणि ते वाक्य कृतीचं होतं, निष्कर्षाचं नव्हतं. परीक्षकाचं म्हणणं शब्दशः खरं निघालं.

ही चाळणी मला फार उपयोगी पडली. "हे वाक्य अनावश्यक आहे का?" असं स्वतःला विचारलं तर उत्तर नेहमी "नाही, असू दे" असंच येतं, कारण प्रत्येक वाक्य खरं असतं. पाणी जीवन आहेच. पण दुसऱ्याच्या निबंधात ते तसंच्या तसं बसतं का, या प्रश्नाला हो किंवा नाही एवढंच उत्तर असतं, आणि तिथे स्वतःला फसवता येत नाही.

सरांनी आणखी एक गोष्ट सांगितली. वैद्यकीय पत्रिकांनी १९८७ पासून गोषवारा ठराविक मथळ्यांखाली मागायला सुरुवात केली: उद्देश, पद्धत, निष्कर्ष, अनुमान. डॉक्टरला पूर्ण निबंध वाचायला वेळ नसतो आणि निष्कर्ष कुठे आहे हे शोधत बसावं लागू नये, हा त्यामागचा विचार. आमच्या पत्रिकेला मथळे नको होते. तरी आधी मथळे टाकून लिहा, मग मथळे पुसा, असं सर म्हणाले. मी तसं केलं. 'निष्कर्ष' या मथळ्याखाली माझ्याकडे "लक्षणीय" हा एकच शब्द निघाला.

इथे एक गैरसमज दूर करते. मला वाटलं होतं, पाल्हाळ काढला की आतला निष्कर्ष आपोआप वर येईल. तसं होत नाही. तो गोषवाऱ्यात मुळात नव्हताच, निबंधाच्या सहा तक्त्यांमध्ये विखुरलेला होता. तो तिथून निवडून आणावा लागला, आणि सगळ्यात जास्त वेळ याच कामात गेला.

कोणता आकडा उचलायचा? माझा पहिला कल सरासरीकडे होता. मेमधली सरासरी इतकी, ऑक्टोबरमधली इतकी, वाढ इतके टक्के. पण एका विहिरीला लागूनच गोठा आणि उकिरडा होता. तिचा आकडा बाकीच्यांच्या कितीतरी वर गेलेला, आणि तिच्या एकटीमुळे सरासरी फुगलेली. शिवाय सरासरीचं पाणी कुणी पीत नाही. ज्याची विहीर आहे त्याला आपली विहीर मर्यादेच्या आत आहे की बाहेर, एवढंच हवं असतं.

हे मला सुचलं ते साक्रीकडच्या एका काकांमुळे. नमुने घेतले तेव्हापासून ते अधूनमधून फोन करतात. त्या आठवड्यात त्यांनी विचारलं, "ताई, आमनी इहीरनं पानी पेवाले चाली का?" त्यांची विहीर माझ्या तक्त्यात होती. मेमध्ये मर्यादेच्या आत, ऑक्टोबरमध्ये बाहेर. मी म्हणाले, काका, उन्हाळ्यात तपासलं तेव्हा ठीक होतं, पावसाळ्यानंतर नव्हतं. घरात तान्हं बाळ असेल तर त्याच्या दुधा-पेजेसाठी हे पाणी नको. उकळून उपयोग नाही, उकळल्याने नायट्रेट जात नाही, पाणी आटतं तसं उलट दाट होतं. फोन ठेवला आणि लक्षात आलं की निबंधातला मुख्य निष्कर्ष आपण आत्ता एका वाक्यात सांगून बसलो. त्यात "अभ्यासांती असे दिसून येते" लागलं नाही.

मग तक्ते त्या दृष्टीने मोजले. मेमध्ये ४० पैकी १४ विहिरी मर्यादेबाहेर. ऑक्टोबरमध्ये २३. विहिरी त्याच असल्यामुळे नुसती बेरीज देऊन भागत नाही, कोणती विहीर कुठून कुठे गेली ते सांगावं लागतं. ९ विहिरी आतून बाहेर गेल्या, बाहेरून आत एकही आली नाही. आमच्या कॉलेजातल्या संख्याशास्त्राच्या सरांनी हे पाहून सांगितलं, की तुमची खरी ताकद या "एकही नाही"मध्ये आहे. नुसत्या योगायोगाने हालचाल झाली असती तर काही विहिरी उलट्या दिशेनेही गेल्या असत्या. नऊच्या नऊ एकाच बाजूला जाणं म्हणजे नाणं सलग नऊ वेळा एकाच बाजूने पडण्यासारखं. हे त्यांनी चहाच्या टेबलावर सांगितलं. "विविध सांख्यिकीय तंत्रांच्या साहाय्याने" असं लिहून मी हेच झाकून ठेवलं होतं.

टक्केवारी आम्ही काढून टाकली. ४० पैकी २३ म्हणजे ५७.५ टक्के, पण दशांशातला तो आकडा शेकडो विहिरी तपासल्याचा आव आणतो. शंभराच्या आतली संख्या असेल तर "४० पैकी २३" असंच लिहावं, वाचणाऱ्याला नमुना किती लहान आहे तेही त्यातच कळतं.

खोलीच्या बाबतीत मात्र घोळ होता होता राहिला. मी लिहिलं होतं: मर्यादेबाहेरच्या २३ पैकी १७ विहिरी १२ मीटरपेक्षा कमी खोल. ऐकायला जोरदार. संख्याशास्त्राच्या सरांनी विचारलं, "एकूण उथळ विहिरी किती?" समजा ४० पैकी ३० उथळ असत्या तर २३ मध्ये १७ येणं काहीच विशेष नाही, तेवढ्या येणारच. माझ्याकडे उथळ २२ आणि खोल १८ होत्या. म्हणून वाक्य असं झालं: उथळ २२ पैकी १७, खोल १८ पैकी ६. आता दोन्ही बाजू समोर आहेत आणि फरक वाचणारा स्वतः पाहू शकतो. चार शब्द वाढले. गोषवारा नेटका करायचा म्हणजे दर वेळी शब्द कमीच व्हायला हवेत असं नाही.

एकक हा दुसरा खड्डा. नायट्रेटचा आकडा दोन तऱ्हांनी देतात: नायट्रेट म्हणून, किंवा त्यातल्या नुसत्या नायट्रोजनचा. नायट्रोजनमधला आकडा साधारण साडेचार पटींनी लहान असतो. म्हणजे आपली ४५ ची मर्यादा त्या हिशेबात १० च्या आसपास येते. प्रयोगशाळेच्या कागदावर कोणतं लिहिलंय ते नीट पाहा. गोषवाऱ्यात नुसतं "नायट्रेट १२ मिलिग्रॅम" असं असेल, तर वाचणारा त्याला सुरक्षितही समजू शकतो आणि धोकादायकही. मी "नायट्रेट म्हणून" हे दोन शब्द घातले आणि ते कुणी कापू दिले नाहीत.

आता शेवटच्या वाक्यांबद्दल. यावर माझा आणि सरांचा बराच वाद झाला. "रासायनिक खतांचा अतिरेकी वापर कारणीभूत असण्याची शक्यता नाकारता येत नाही", हे वाक्य थेट करायचं म्हणून मी लिहिलं: "रासायनिक खतांमुळे नायट्रेट वाढले." छोटं, ठाम, कर्मणी प्रयोगही नाही. मला वाटलं, हेच तर परीक्षकाला हवंय. सरांनी विचारलं, कुठल्या शेतात किती युरिया पडला हे तुम्ही मोजलंत का? नव्हतं मोजलं. गोठा असलेल्या विहिरी वेगळ्या काढल्या होत्या का? नाही. नायट्रेट शेणमुतातूनही येतं, शौचालयाच्या शोषखड्ड्यातूनही येतं. पावसाबरोबर ते खाली झिरपतं कारण मातीचे कण त्याला धरून ठेवत नाहीत, पण वरून नेमकं कशातून आलं हे पाण्यातला आकडा सांगत नाही. मग ते थेट वाक्य म्हणजे थेट खोटं झालं असतं.

मी म्हणाले, मग जुनंच ठेवू, त्यात निदान शक्यताच म्हटली आहे. सर म्हणाले, तेही नको. "शक्यता नाकारता येत नाही" हे कशाबद्दलही म्हणता येतं. त्यातून ना दावा कळतो, ना मर्यादा. तुम्हाला काय ठरवता आलं नाही ते सरळ लिहा. शेवटी वाक्य आलं: "नायट्रेट खतांतून आले की शेणमुतातून, हे या अभ्यासातून ठरवता येत नाही." मला ते लिहिताना जड गेलं, कारण सगळा निबंध खतांच्या विरोधात असल्यासारखा माझ्या डोक्यात होता. पण मूळ निबंधातही खतांबद्दल पुरावा नव्हता, नुसता सूर होता. चर्चेच्या विभागातली दोन पानं त्यामुळे पुन्हा लिहावी लागली. गोषवारा दुरुस्त करायला बसलं की असं होऊ शकतं, तेवढा वेळ हाताशी ठेवा.

"काळाची गरज" काढताना मात्र कुणाचाच विरोध झाला नाही.

नोव्हेंबरच्या सुरुवातीला हे पाठवलं:

"पांझरा खोऱ्यातील ४० उघड्या विहिरींचे पाणी मे आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये तपासले. पिण्याच्या पाण्यासाठीची लिटरमागे ४५ मिलिग्रॅम, नायट्रेट म्हणून, ही मर्यादा मेमध्ये १४ आणि ऑक्टोबरमध्ये २३ विहिरींनी ओलांडली. मेमध्ये मर्यादेत असलेल्या ९ विहिरी पावसाळ्यानंतर मर्यादेबाहेर गेल्या. उलट बदल एकाही विहिरीत झाला नाही. ऑक्टोबरमध्ये १२ मीटरपेक्षा कमी खोलीच्या २२ पैकी १७, तर त्याहून खोल १८ पैकी ६ विहिरी मर्यादेबाहेर होत्या. पिण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या १२ विहिरींपैकी ७ मर्यादेबाहेर होत्या. फक्त उन्हाळ्यात तपासणी केली असती, तर ऑक्टोबरमध्ये मर्यादा ओलांडणाऱ्या २३ पैकी ९ विहिरी सुरक्षित मानल्या गेल्या असत्या. विहिरींची निवड मालकांच्या परवानगीनुसार झाली असून नोंदी एकाच वर्षाच्या आहेत. नायट्रेट खतांतून आले की शेणमुतातून, हे या अभ्यासातून ठरवता येत नाही."

शेवटच्या दोन वाक्यांना घरातून आक्षेप आला. नवरा म्हणाला, आपणच आपल्या कामातली उणीव का सांगायची? पण ती उणीव वाचणाऱ्याच्या कामाची आहे. मालकाने हो म्हटलं तीच विहीर मी घेतली, चिठ्ठ्या टाकून निवडल्या नाहीत. तेव्हा हे आकडे सगळ्या धुळे जिल्ह्याचे आहेत असं समजून कुणी बातमी करू नये. पाल्हाळ आणि मर्यादा दिसायला सारख्या, दोन्ही वाक्याचा जोर कमी करतात. तपासायचं एवढंच, की वाक्य काढल्यावर वाचणारा काही चुकीचं समजेल का. "पाणी हे जीवन आहे" काढून कुणाचा गैरसमज होत नाही. "एकाच वर्षाच्या" काढलं तर होतो.

आता पोर्टलच्या भानगडी, कारण तिथे माझी एक संध्याकाळ गेली. गोषवारा तीन ठिकाणी असतो: निबंधाच्या फायलीत, पोर्टलवरच्या वेगळ्या चौकटीत आणि इंग्रजी भाषांतरात. फाइल बदलली तरी चौकटीतला मजकूर जुनाच राहतो, आणि पुढे शोधयंत्रात दिसतो तो चौकटीतलाच. तो हाताने बदलावा लागतो. त्या चौकटीत मराठी मजकूर युनिकोडमध्येच टाका. जुन्या फॉन्टमधून चिकटवला की अक्षरांचा भुगा होतो. इंग्रजी गोषवारा एका सहकारी मॅडमनी करून दिला. तो मराठीशेजारी ठेवून फक्त आकडे मोठ्याने वाचत ताडून पाहिले, एकाने वाचायचं, दुसऱ्याने खूण करायची. बीजशब्दांत आधी "पाणी, पर्यावरण, शेती, प्रदूषण" असं होतं. त्या शब्दांनी शोधलं तर हजारो निबंध येतील आणि त्यात माझा बुडून जाईल. आता "नायट्रेट, उघडी विहीर, पांझरा खोरे, ऋतूनुसार बदल" आहे. शीर्षकातलं "एक चिकित्सक अभ्यास"ही काढलं.

शेऱ्यांना उत्तर देताना पत्रिका एक तक्ता मागते, डावीकडे शेरा, उजवीकडे केलेला बदल. तिथे "सूचनेनुसार दुरुस्ती केली" असं लिहू नका. नवं वाक्य आणि त्याची ओळ क्रमांकासह द्या, परीक्षकाला पुन्हा शोधाशोध करावी लागत नाही. खतांबद्दलचा दावा मागे घेतल्याचंही मी तिथे लिहिलं, कारण ते परीक्षकाने मागितलेलं नव्हतं आणि चर्चेतली दोन पानं का बदलली हे त्याला कळायला हवं होतं.

जानेवारी २०२५ मध्ये स्वीकृतीचा मेल आला. परीक्षकाने एकच बदल सुचवला होता: "सुरक्षित मानल्या गेल्या असत्या" याऐवजी "मर्यादेत असल्याचे मानले गेले असते" असं लिहावं, कारण मी फक्त नायट्रेट तपासलं होतं, जंतू तपासले नव्हते. बदल लगेच केला, तिन्ही ठिकाणी. छपाईचं शुल्क पंधराशे रुपये ऑनलाइन भरलं आणि पावती कॉलेजच्या फायलीला लावली. साक्रीच्या काकांना निबंधाऐवजी त्यांच्या विहिरीचे दोन आकडे आणि तारखा एका कागदावर लिहून पाठवल्या. त्यांनी ग्रामपंचायतीत दाखवायला मागितल्या होत्या.